चारच्या बारा डिस्क: घरच्या फाइल सर्व्हरच्या नोंदी

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

धाकट्या भावाचा फोटो-व्हिडिओचा धंदा आहे. तुळशीचं लग्न लागलं की त्याचा हंगाम सुरू होतो आणि माझ्या सर्व्हरची जागा संपायला लागते. चार डिस्क भरत आल्यात. या वेळी ८ टीबीच्या, ७२०० आरपीएमच्या आठ डिस्क एकदम घेतल्या. सोबत आठ पोर्टचं जुनं सॅस कार्ड घेतलं, कारण मदरबोर्डवर तेवढे साटा पोर्ट नाहीत.

पॉवर सप्लाय आहे तोच ठेवणार, ४५० वॅटचा. हिशेब असा केला: चालू डिस्क साधारण ८ वॅट खाते, म्हणजे बारांचे ९६. बाकी मशीन ७० धरू. एकूण १७० च्या आत. सप्लाय निम्मासुद्धा वापरला जाणार नाही.

(हा हिशेब चुकीचा नाही, पण चुकीच्या प्रश्नाचा आहे, हे दुसऱ्याच दिवशी कळलं. खोडत नाही, राहू दे.)

रविवार, १० नोव्हेंबर

दुपारपर्यंत सगळं कॅबिनेटमध्ये बसवलं. सप्लायला साटाचे प्लग कमी पडले, म्हणून पेठेतून एकाचे चार करणारे दोन स्प्लिटर आणले.

बटण दाबलं. पंखे अर्धा सेकंद फिरले, डिस्कचा गुरगुराट सुरू झाला आणि सगळं बंद. पुन्हा बटण दाबलं तर काहीच नाही. मागचा स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबलो, मग परत तेच. चौथ्या वेळी मात्र मशीन छान चालू झालं आणि बाराच्या बारा डिस्क दिसल्या. भाऊ म्हणाला, "दादा, झालं की!" मलाही तसंच वाटलं. रात्री बंद करून परत चालू केलं, तर परत मेलेलं.

दोन गोष्टी लिहून ठेवतो. एक, सप्लाय बंद पडल्यावर बटणाने उठत नाही, मागचा स्विच बंद करून सोडावा लागतो. म्हणजे त्याच्या आतलं संरक्षण लागून बसतंय. दुसरी, मशीन चालू असताना रीस्टार्ट दिला तर एकदाही अडत नाही. रीस्टार्टमध्ये डिस्कची वीज जात नाही, त्या फिरतच राहतात. अडचण फक्त डिस्क उभ्या असताना आहे.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

ऑफिसातून आल्यावर मोजणी केली. काही डिस्कच्या पॉवर केबल काढून थंड मशीन पाच-पाच वेळा चालू केलं, मध्ये दोन मिनिटं थांबून. सहा डिस्क: पाचही वेळा चालू. आठ: पाचही वेळा. दहा: तीनदा चालू, दोनदा बंद. बारा: एकदाच चालू. म्हणजे एखादी डिस्क किंवा केबल खराब नाही, मर्यादा कुठेतरी दहाच्या आसपास आहे.

मग सप्लाय बाहेर ओढून त्याचं लेबल पहिल्यांदा नीट वाचलं. वर मोठ्या अक्षरात ४५०. खाली बारीक अक्षरात १२ व्होल्टच्या दोन ओळी: १२व्ही१ ला १८ अँपिअर, १२व्ही२ ला १८ अँपिअर, आणि दोन्ही मिळून ३६० वॅट, म्हणजे ३० अँपिअर. यातली दुसरी ओळ प्रोसेसरच्या चार पिनांच्या प्लगला जाते. डिस्क, पंखे आणि मदरबोर्डचा मोठा प्लग हे सगळं पहिल्या ओळीवर.

आता डिस्कच्या माहितीपत्रकात पाहिलं. सुरू होताना १२ व्होल्टवर जास्तीत जास्त २ अँपिअर. ८ वॅटचा आकडा चालू असतानाचा होता. उसाची भरलेली ट्रॉली जागची हलवताना ट्रॅक्टर जो धूर ओकतो तो रस्त्याला लागल्यावर ओकत नाही, तसंच. थांबलेली मोटर ७२०० फेऱ्यांपर्यंत न्यायची, तर पहिली काही सेकंदं ती नेहमीच्या चौपट करंट ओढते.

बारा डिस्कचे २४ अँपिअर, पंखे आणि बोर्डाचे २ धरले तर २६. एकूण ३० ची मर्यादा ओलांडलेली नाही. पण हे सगळं १८ च्या ओळीवर आहे. ही संरक्षणं छापील आकड्यावर लगेच लागत नाहीत, थोडी वर लागतात. माझं २२ च्या आसपास लागत असणार: दहा डिस्कचे २० आणि वरचे २. मंगळवारच्या मोजणीशी हे तंतोतंत जुळतं.

म्हणजे वॅट पुरेसे होते, तरी सप्लाय अपुरा होता.

शनिवार, १६ नोव्हेंबर

माहितीपत्रकावर विश्वास आहे, पण डोळ्यांनी बघायचं होतं. माझा क्लॅम्प मीटर काढला, पिवळ्या वायरभोवती धरला, आकडा शून्य. दहा मिनिटं बॅटरी, डायल, वायर सगळं तपासल्यावर लक्षात आलं की हा मीटर फक्त एसी करंट मोजतो. सोलर पॅनेल बसवणाऱ्या मित्राकडून डीसीचा आणला. त्यात सर्वात मोठा आकडा धरून ठेवायची सोय आहे.

एक डिस्क, पिवळी वायर: कमाल १.९ अँपिअर. पहिले सहा-सात सेकंद दीडच्या वर राहतो, नवव्या सेकंदाला ०.५ च्या खाली येऊन स्थिरावतो. आठ डिस्क एकत्र: कमाल १५. म्हणजे साध्या गुणाकारापेक्षा किंचित कमी. सगळ्यांचं शिखर अगदी एकाच क्षणी येत नाही, पण त्या भरवशावर काही सोडावं इतका फरकही नाही.

भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचं वॅट मीटर यासाठी उपयोगाचं नाही. ते सावकाश, सरासरी दाखवतं. त्यात मला २१० च्या वर काही दिसलंच नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर

आज जे दिसलं ते आधी दिसायला हवं होतं. मोजताना गरम प्लास्टिकचा वास आला. एकाचे चार करणाऱ्या स्प्लिटरचा मुळाकडचा प्लग काढला तर १२ व्होल्टच्या पिनांजवळ पांढरं प्लास्टिक तपकिरी झालेलं.

साटाच्या पॉवर प्लगमध्ये १५ बारीक पिना असतात. १२ व्होल्टला त्यातल्या तीन, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर, म्हणजे सगळा प्लग साडेचार अँपिअरचा. मी त्यातून चार डिस्क सुरू करत होतो, साडेसात अँपिअर. सप्लाय कितीही मोठा आणला असता तरी हा प्लग तिथेच जळला असता. काही सेकंदांचा प्रश्न आहे म्हणून रोज निभावतं, पण दर वेळी पिनेची पकड थोडी ढिली होते, ढिली झाली की जास्त तापते, आणि एक दिवस वासावर भागत नाही.

त्या स्प्लिटरच्या टोकाच्या डिस्कचं स्मार्ट बघितलं:

```
smartctl -A /dev/sdf | grep -E 'Power_Cycle|Spin_Retry|Retract'
```

आठही डिस्क एकाच दिवशी बसवलेल्या. सात जणींचा Power_Cycle_Count ३८ आणि हिचा ४५. सात वेळा बाकीच्या डिस्क चालू असताना हिला एकटीला वीज गेल्यासारखं वाटलं. खराब डिस्क असती तर Spin_Retry_Count हलला असता, तो शून्यच आहे. म्हणजे डिस्कचं दुखणं नाही, वायरीचं आहे. हा आकडा मला भलताच उपयोगी वाटला. मशीन चालू झालं म्हणजे सगळं ठीक असं नसतं, एखादी डिस्क गुपचूप दोनदा उठलेली असते.

दोन्ही स्प्लिटर कचऱ्यात. त्यांच्या जागी सप्लायच्या जुन्या मोठ्या चार पिनांच्या मोलेक्स प्लगमधून एकाचे दोन करणारे आणले. त्या पिना जाड असतात, चार अँपिअर त्यांना काहीच नाही. घेताना एक बघायचं: वायर ज्यात ओतीव प्लास्टिकमध्ये गाडलेल्या असतात ते नको. आत वायर सरकून शेजारच्या वायरला लागली तर बाहेरून कळत नाही. वेगळ्या पिना दाबून बसवलेले, मागून पिना दिसतात, ते घ्यायचे.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

आता मूळ प्रश्न. सगळ्या डिस्क एकदम न उठवता दोन-दोन करून उठवता आल्या तर हाच सप्लाय चालेल. सॅस कार्डाच्या बूट मेनूत तशी सोय आहे: एका वेळी किती डिस्क फिरवायच्या आणि मध्ये किती सेकंद थांबायचं. दोन आणि दहा ठेवलं. थंड मशीन चालू केलं. आठही डिस्क एकदम गुरगुरल्या. सेटिंगचा काडीचा परिणाम नाही.

कारण पॉवर प्लगमधल्या ११ व्या पिनेत आहे. ही पिन ग्राउंडला जोडलेली असेल तर डिस्क वीज आल्याबरोबर फिरायला लागते, कोणाची वाट बघत नाही. मोकळी असेल तर डेटा केबलवरून कंट्रोलर हाक मारेपर्यंत थांबते. सर्व्हरच्या बॅकप्लेनमध्ये ती मोकळी ठेवता येते. बाजारातल्या साध्या केबलमध्ये मात्र १०, ११, १२ या तिन्ही पिना सरसकट ग्राउंडला जोडून टाकलेल्या असतात. कार्ड बिचारं हाक मारायला येतं तेव्हा सगळे आधीच पळत सुटलेले असतात.

उपाय: डिस्कच्या बाजूच्या ११ व्या पिनेवर कॅप्टॉन टेप. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ती पिवळसर, उष्णता सोसणारी टेप. १२ व्होल्टच्या टोकाकडून मोजत आलं की पाचवी पिन. शेजारची बारावी बाकीच्यांपेक्षा जरा लांब असते, तिच्यावरून खात्री होते. एक मिलिमीटरची पट्टी ब्लेडने कापायची, चिमट्याने लावायची, पुढच्या कडेवरून आत दुमडायची म्हणजे प्लग घालताना सरकत नाही.

डिस्क हे ऐकते का ते तपासायची सोपी पद्धत सापडली. डेटा केबल न लावता फक्त पॉवर द्यायची. टेप नसेल तर डिस्क फिरते. टेप नीट असेल तर गप्प बसते, हाताला कंपही लागत नाही. आठांपैकी सात गप्प बसल्या. आठवी फिरली, काढून बघतो तर टेप सरकून दहाव्या पिनेवर. परत लावली, गप्प.

मग सगळं जोडून थंड मशीन चालू केलं. आधी बोर्डावरच्या चार जुन्या डिस्क, त्यांना टेप नाही. कार्ड जागं झाल्यावर दोन, दहा सेकंदांनी दोन, परत दोन, परत दोन. मीटरवर कमाल ९.५ अँपिअर, तेही पहिल्या चार डिस्कच्या वेळी. बूट चाळीस सेकंदांनी लांबलं. दहा वेळा चालू-बंद केलं, एकदाही अडलं नाही.

आणखी एक खाचखळगा: कार्डाचं फर्मवेअर बदलताना बरेच जण बूट लवकर व्हावं म्हणून त्याचा बूट मेनू गाळून टाकतात. मग हे सेटिंग बदलायला जागाच उरत नाही. माझ्या कार्डात तो शिल्लक होता, हे नशीब.

शनिवार, २३ नोव्हेंबर

बोर्डावरच्या चार डिस्कसाठी टेपशिवायचा मार्ग बघितला. डिस्कमध्येच एक सोय असते: वीज आली तरी झोपून राहायचं, आज्ञा आली की उठायचं. ती hdparm ने लावता येते. आधी डिस्कला ती येते का ते बघायचं:

```
hdparm -I /dev/sdb | grep -i -E 'standby|spinup'
```

ही आज्ञा `-s1` ने लावतात. hdparm तिला सहजासहजी तयार होत नाही, "मी काय करतोय ते मला कळतं" अशा अर्थाचा लांबलचक पर्याय सोबत लिहायला लावतो. ते उगाच नाही. एका रिकाम्या डिस्कवर लावली, मशीन बंद करून चालू केलं, तर बोर्डाच्या बायॉसला ती डिस्क दिसेनाच. लिनक्सचा कर्नल अशा डिस्कला ओळखतो आणि स्वतः उठवतो, म्हणून बूट झाल्यावर ती दिसली आणि `-s0` ने परत सरळ करता आली. पण हे बूट डिस्कवर केलं असतं तर मशीन बूटच झालं नसतं, आणि डिस्क सोडवायला दुसरं मशीन शोधावं लागलं असतं. शिवाय हे सेटिंग डिस्कच्या आत राहतं. उद्या ती डिस्क भावाने कुठल्या यूएसबी डबीत घातली आणि ती उठली नाही, तर तो ती मेली समजून टाकून देईल. नको. चार डिस्क एकदम उठल्या तरी आठच अँपिअर आहेत.

शनिवार, ३० नोव्हेंबर

सगळं चालतंय, तरी नवा सप्लाय घेतला. का, ते लिहितो.

सध्या सगळा डोलारा मिलिमीटरभर टेपवर उभा आहे. हंगामाच्या मध्यात एखादी डिस्क बदलली आणि टेप लावायला विसरलो, तर एकीने काही होणार नाही, पण तीन-चार बदलल्यावर मशीन परत अडायला लागेल, आणि तोपर्यंत कारण मी विसरलेलो असेन. एकेक करून उठवणं ही सवलत समजावी. सप्लाय मात्र सगळ्या एकदम उठल्या तरी टिकेल असाच हवा, असं माझं मत झालंय.

हिशेब, या वेळी १२ व्होल्टच्या अँपिअरमध्ये: डिस्क २४, प्रोसेसर आणि बोर्ड बूटच्या वेळी ५, कार्ड १, पंखे दीड. साडेएकतीस. त्याच्यावर पाव भाग मोकळा, म्हणजे ४० च्या आसपास. दुकानदार साडेसातशेच्या खाली उतरायला तयार नव्हता. मी लेबलं वाचत बसलो आणि ५५० वॅटचा, १२ व्होल्टची एकच ४५ अँपिअरची ओळ असलेला उचलला. फार मोठा घेण्यातही तोटा आहे. माझं मशीन दिवसभर १३० वॅटवर असतं, आणि हजार वॅटचा सप्लाय तेवढ्या हलक्या भारावर नीट कार्यक्षम नसतो. ५ व्होल्टकडे एक नजर टाकली: बारा डिस्कचे नऊ अँपिअर धरले, सप्लाय २० देतो.

बसवताना जवळजवळ एक घोळ केला होता. नव्या सप्लायच्या केबल सुट्या आहेत, आणि घरात दुसऱ्या एका सप्लायची तशीच सुटी केबल पडलेली होती. प्लग अगदी फिट बसला. पण सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येकाची निराळी असते. ५ च्या जागी १२ व्होल्ट गेले असते तर चार डिस्क जागच्या जागी गेल्या असत्या. मीटरने तपासल्याशिवाय परकी केबल लावायची नाही.

मुद्दाम टेप काढून, बारा डिस्क एकदम, दहा वेळा थंड चालू केलं. दहाही वेळा चालू. सर्वात लांबच्या प्लगवर १२ व्होल्ट खाली येऊन ११.७१. ११.४ पर्यंत चालतं. टेप परत लावली.

शनिवार, १४ डिसेंबर

वीज वाचवायला आठ डिस्क अर्ध्या तासाने झोपवून बघितल्या (`hdparm -S 241`). भावाने एक जुनी फाइल उघडली आणि मीटरवर १३ अँपिअर. आठ डिस्कचा एकच पूल असल्याने एक फाइल वाचायलाही जवळजवळ सगळ्या लागतात, आणि त्या एकदमच उठल्या. कार्डाचं दोन-दोनचं सेटिंग माझ्या मशीनवर फक्त वीज येताना लागू झालं, झोपेतून उठताना नाही. जुना सप्लाय असता आणि बाराही डिस्क अशा झोपवल्या असत्या, तर मशीन चालू असताना, मध्येच, बंद पडलं असतं. झोपवणं बंद केलं. दिवसातून दहा वेळा उठबस डिस्कलाही बरी नाही.

रविवार, १२ जानेवारी २०२५

काल रात्री लाइट गेली ती पहाटे आली. यूपीएसने मशीन नीट बंद केलं होतं, लाइट आल्यावर ते आपोआप उठलं. सकाळी बारा डिस्कचे आकडे बघितले: Power_Cycle_Count प्रत्येकीचा बरोबर एकने वाढलेला, एकीचाही दोनने नाही.

टेप ठेवल्याचा फायदा मात्र वेगळ्याच ठिकाणी निघाला. यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे जेमतेम ३६० वॅटचा. दुपारी मुद्दाम प्लग काढून बॅटरीवर थंड मशीन चालू केलं: दोन-दोन करून डिस्क उठल्या, यूपीएस गप्प. मग टेप काढून तेच केलं. तिसऱ्या सेकंदाला यूपीएसची शिटी आणि अंधार. संध्याकाळी आठही पट्ट्या नव्याने कापून लावल्या. कॅबिनेटच्या दाराला आतून कागद चिकटवलाय: "डिस्क बदलल्यास ११ व्या पिनेला टेप." भावाने खाली पेनाने लिहिलंय, "कुठल्या टोकाकडून ११?" बाण काढून ठेवला.